दिवाळी गिफ्ट हॅम्परचा धंदा: भिवंडीतल्या १५० बॉक्सच्या एका ऑर्डरचं गणित

दिवाळीच्या आधी माणकोली नाक्यावर अर्धा तास अडकून पाहा. (अडकावं लागत नाही, आपोआप अडकतोच.) पुढे-मागे जे टेम्पो आणि कंटेनर उभे असतात, त्यात अर्ध्या मुंबईने ऑनलाइन मागवलेली दिवाळी भरलेली असते. पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडे, वळ या गावांच्या शेतांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गोदामं उभी राहिली आणि यंत्रमागाचं शहर असलेल्या भिवंडीला दुसरी ओळख मिळाली.

प्रत्येक गोदामाला एक ऑफिस असतं. तिथे मॅनेजर, अकाउंटंट, एचआर, सुपरवायझर असतात. बाहेर ट्रान्सपोर्टरची ऑफिसं, कस्टम्सची कामं करणारे, पॅकिंग मटेरियलवाले, सीए. दिवाळीला या सगळ्यांना कुणाला ना कुणाला काहीतरी द्यायचं असतं.

आता समजा तुम्ही अशाच एखाद्या ऑफिसात सात-आठ वर्षं काढली आहेत. पन्नास ऑफिसांतले लोक तुम्हाला नावानिशी ओळखतात. शिवाय हातात कला आहे. राखीची थाळी असो नाहीतर बारशाचं रिटर्न गिफ्ट, नातेवाईक तुमच्याकडेच येतात. 'तू हॅम्परचा बिझनेस का नाही करत?' हा प्रश्न तुम्हाला एव्हाना दहा जणांनी विचारला असेल.

त्याचं उत्तर या लेखात शोधू. सगळ्या धंद्याचा आढावा घेण्याऐवजी आपण एकच ऑर्डर घेऊ: माणकोलीच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीची, १५० बॉक्सची, दर बॉक्स १,००० रुपये. ऑर्डर काल्पनिक आहे आणि वस्तूंचे भाव अंदाजे धरले आहेत. करांचे दर आणि नियम मात्र खरे आहेत.

ओळख आहे, पण विचारायचं कुणाला आणि कधी?

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला, रविवारी आहे. धनत्रयोदशी त्याआधीच्या शुक्रवारी, ६ तारखेला. ऑफिसात बॉक्स वाटले जातात ते साधारण त्याच आठवड्यात, म्हणजे तुमचा माल ३० ऑक्टोबरपर्यंत पोहोचलेला हवा. क्लायंटना बाहेरगावी पाठवायचे बॉक्स त्याच्याही आठवडाभर आधी.

इथून उलटं मोजत या. फराळ आणि भरणी यांना एक आठवडा. बॉक्स आणि छपाईला दोन ते तीन आठवडे. त्याआधी सॅम्पल दाखवणं, साहेबांनी बघणं, 'थोडा रंग बदला' म्हणणं, परत दाखवणं, यात दोन आठवडे सहज जातात. म्हणजे पहिलं बोलणं सप्टेंबरच्या सुरुवातीला, १४ सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीआधी झालेलं बरं. गणपतीचे दहा दिवस ऑफिसात कुणी काही ठरवत नाही. त्यानंतर पितृपक्ष लागतो, आणि काही मालक त्या पंधरवड्यात नवीन खरेदीवर सही करत नाहीत. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. नवरात्रात पहिला फोन करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी 'अरे, कालच दुसऱ्याला दिलं' हेच ऐकायला मिळतं.

ओळखीच्या सगळ्यांना 'मी हॅम्पर सुरू केलेत, बघा' असा मेसेज पाठवला की पंचवीस अंगठे आणि चार हार्ट येतात. ऑर्डर येत नाही. कारण ज्याला तुम्ही ओळखता तो अकाउंट्सचा दादा असतो आणि निर्णय घेणारी असते अ‍ॅडमिनची मॅडम किंवा मालकाचा मुलगा. म्हणून ओळखीच्या माणसाकडे ऑर्डर मागूच नका. त्याला तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी साधारण किती बॉक्स घेतले, एका बॉक्सचं बजेट काय होतं आणि लोकांनी तक्रार कशाची केली.

तिसरं उत्तर सगळ्यात कामाचं. 'मिठाईला वास येत होता', 'काचेचं काहीतरी होतं, ट्रेनमध्ये फुटलं', 'बॉक्स मोठा आणि आत काहीच नाही', 'अर्ध्या लोकांची नावं चुकली होती'. मॅडमना भेटायला जाताना याच तक्रारीचं उत्तर असलेलं सॅम्पल घेऊन जा.

दोन सूचना इथेच सांगून टाकते. तुम्ही अजून त्याच कंपनीत नोकरीला असाल तर स्वतःच्या कंपनीला माल विकण्याआधी एचआरला लेखी कळवा. अनेक कंपन्यांच्या नियमांत हा हितसंबंधांचा प्रश्न धरला जातो आणि पाच-पंचवीस हजारांसाठी नोकरी अडचणीत येते. आणि तुमची ओळख सरकारी ऑफिसांत जास्त असेल, तर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने काढलेला आदेश माहीत असू द्या. दिवाळी किंवा इतर सणांच्या भेटवस्तूंवर केंद्राच्या मंत्रालयांनी, विभागांनी सरकारी पैसा खर्च करायचा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सरकारी कंपन्यांनाही तशाच सूचना गेल्या. तिथली ओळख या कामात उपयोगाची नाही.

बॉक्स कुणाच्या घरी जाणार?

भिवंडीतल्या ऑफिसची यादी मागितली की बहुतेक वेळा तिचे दोन भाग पडतात. तीस-चाळीस क्लायंट आणि बँकवाले, आणि बाकीचा स्टाफ: सुपरवायझर, पिकर-पॅकर, सिक्युरिटी, ड्रायव्हर. दोघांना एकच बॉक्स देण्याचा मोह कंपनीला होतो, कारण ते सोपं असतं. पण क्लायंटच्या टेबलावर छान दिसणारा बॉक्स कल्याण-कसारा लोकलच्या गर्दीत नेणं हा स्टाफच्या माणसासाठी ताप असतो.

आपल्या उदाहरणात १५० बॉक्स स्टाफचे धरू. मग नियम सोपे होतात. बॉक्स कापडी पिशवीत मावला पाहिजे, आणि ती पिशवी नंतर भाजीला वापरता आली पाहिजे. वजन दीड किलोच्या आत. काच नको. कापड भिवंडीत विणलं जातंच. प्रोसेस झालेला सुती कपडा आणि शिवून देणारे इथेच मिळतात, त्यामुळे पिशवीसाठी मुंबईला जायची गरज नाही.

दुसरी गोष्ट भिवंडीत विसरून चालतच नाही. इथल्या स्टाफच्या यादीत आगरी-कोळी असतात, मुस्लिम असतात, उत्तर प्रदेश-बिहारचे असतात, यंत्रमागाबरोबर आलेली तेलुगू पद्मशाली कुटुंबं असतात. क्लायंटमध्ये जैन आणि मारवाडी व्यापारी असतात. म्हणून जेलीच्या गोळ्या टाळा (त्यात जिलेटिन असू शकतं), दारूचा स्वाद असलेली चॉकलेट टाळा आणि चिवड्याचा एक प्रकार कांदा-लसणाशिवायचा ठेवा. झाकणावर देवाचं चित्रही नको. बॉक्स शेवटी कचऱ्यात जातो आणि ते कुणालाच बघवत नाही. दिवे, रांगोळी, कंदील, वारली नक्षी असं काही असेल तर ते सगळ्यांच्या घरात चालतं.

आत काय भरायचं?

आपला बॉक्स असा ठरला: बदाम १५० ग्रॅम, काजू १५० ग्रॅम, सांगलीचे बेदाणे २०० ग्रॅम, बचत गटाचा पोह्यांचा चिवडा २५० ग्रॅम, दोन रंगवलेल्या पणत्या आणि कापडी पिशवी. सुका मेवा वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून किंवा मशीद बंदरच्या व्यापाऱ्याकडून, पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून कोऱ्या आणून घरी रंगवायच्या.

'एवढंच?' असं कलाकार माणसाला वाटणार. माहिती आहे. पण या धंद्यात बिघडतं ते बहुतेक वेळा जास्तीची एखादी वस्तू घातल्यामुळे.

चॉकलेटचं बघा. कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं. ऑक्टोबर हीटमध्ये बंद टेम्पो कशेळीच्या पुलाजवळ तासभर उभा राहिला की आतलं तापमान त्याच्या पुढे जातं. चॉकलेट नंतर पुन्हा घट्ट होतं, पण त्यावर पांढरट डाग येतात आणि उघडणाऱ्याला ते बुरशी वाटते. माव्याची मिठाई दोन-चार दिवसांची सोबती. तुमचा बॉक्स तर बांधल्यापासून उघडेपर्यंत आठ-दहा दिवस जातात.

सुगंधी मेणबत्ती किंवा अगरबत्ती ही सगळ्यात फसवी. ती दिसते छान, पण बंद बॉक्समध्ये चार दिवस राहिली की तिचा वास काजू आणि चिवड्याला लागतो. सॅम्पल दाखवताना हे कळत नाही, कारण सॅम्पल त्याच सकाळी भरलेलं असतं. म्हणून पहिलं सॅम्पल बांधा, पाच दिवस घरात ठेवा आणि मग उघडून खा. चिवड्याचा मऊपणा, तेलाचा खवट वास, पणतीचा रंग पिशवीला लागणं, सगळं त्या पाच दिवसांत बाहेर येतं.

खाण्याचा पदार्थ आला की एफएसएसएआयही आलं. दुकानातली बंद पाकिटं जशीच्या तशी ठेवलीत तरी तुम्ही अन्नपदार्थ विकताय, त्यामुळे नोंदणी लागतेच. ती 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर होते. पण गोणीतले बदाम आणून आपल्या बरणीत भरले की तुम्ही पुनर्पॅकिंग करणारे ठरता. तेव्हा प्रत्येक बरणीवर लेबल हवं: पदार्थाचं नाव, घटक, वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचा ती तारीख, बॅच नंबर, हिरवं शाकाहारी चिन्ह, तुमचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआय क्रमांक. सुक्या मेव्याची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी तीही ओळ. लेबल सोनेरी अक्षरांत सुंदर करा, पण ही माहिती वाचता आली पाहिजे. बचत गटाच्या चिवड्याच्या पाकिटावरही त्यांचा नंबर आहे का, ते ऑर्डर देण्याआधी बघा.

एक परफ्युमची बाटली आणि १५ हजार रुपये

आता या धंद्यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी माहीत असलेला भाग.

कंपनी म्हणते, 'हजार रुपयांत बसवा.' इथे लगेच विचारायचं: जीएसटी धरून की वेगळा? बहुतेकदा उत्तर येतं, 'सगळं धरून हजार.' कंपनीसाठी हे महत्त्वाचं का? एरवी खरेदीवर भरलेला जीएसटी कंपनी आपल्या करातून वजा करून घेते. पण जीएसटी कायद्याचं कलम १७(५) भेट म्हणून दिलेल्या मालावर ही वजावट नाकारतं. म्हणजे तुमच्या बिलातला जीएसटी कंपनीच्या खिशातून जातो आणि म्हणूनच ती 'सगळं धरून' बोलते.

मग हजारातले तुमचे किती? ते बॉक्समध्ये काय आहे यावर ठरतं. वेगवेगळ्या वस्तू एकत्र करून एकाच किमतीला विकल्या की कायदा त्याला मिश्र पुरवठा मानतो, आणि त्यातल्या ज्या वस्तूचा कर सर्वांत जास्त, तो कर पूर्ण बॉक्सवर लागतो. हा कुणा अधिकाऱ्याने काढलेला अर्थ नाही. व्याख्येबरोबर कायद्यात दिलेलं उदाहरणच मुळी मिठाई, चॉकलेट, केक, सुका मेवा, थंड पेय यांच्या एकत्र पॅकेटचं आहे. थोडक्यात, आपल्या हॅम्परचं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. बदाम, काजू, बेदाणे, चिवडा, चॉकलेट, कापडी पिशवी हे सगळं ५ टक्क्यांत आहे. मातीच्या पणतीवर कर नाही. म्हणून आपल्या बॉक्सवर ५ टक्के. हजाराला १.०५ ने भागलं की तुमच्या हातात ९५२ रुपये येतात.

आता समजा मॅडम म्हणाल्या, 'चिवडा काढा, त्याऐवजी छोटं परफ्युम टाका, रिच वाटतं.' परफ्युमही ९५ रुपयांचंच मिळालं, खर्च तोच राहिला. पण परफ्युमवर १८ टक्के आहे. आता पूर्ण बॉक्सवर १८ टक्के. हजार भागिले १.१८ म्हणजे ८४७. एका बॉक्समागे १०५ रुपये गेले, १५० बॉक्सवर १५ हजार ७५०. थर्मासची बाटली टाकली तरी हेच होतं. आणि कुणी हौसेने कोल्ड्रिंकचा कॅन ठेवला तर पूर्ण बॉक्सवर ४० टक्के!

यावर उपाय म्हणून काही जण बिलात प्रत्येक वस्तू वेगळ्या किमतीने आणि वेगळ्या दराने दाखवतात. मिश्र पुरवठ्याची अट 'एकच किंमत' अशी असल्यामुळे हे चालू शकतं, पण मग कोटेशनपासून पीओपर्यंत सगळीकडे किमती खरोखर वेगळ्या असायला हव्यात. कोटेशन 'प्रति बॉक्स १,०००' आणि बिलात मात्र सहा ओळी, हे तपासणीत टिकत नाही. हे सीएला विचारूनच करा. सोपा मार्ग म्हणजे बॉक्स ५ टक्क्यांच्या वस्तूंचाच ठेवायचा.

तुमची जीएसटी नोंदणीच नसेल तर? महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. मग हजार पूर्ण तुमचे, पण खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. आपल्या बॉक्समध्ये दोन्ही हिशेब जवळपास सारखे येतात. फरक दुसरीकडे पडतो: मोठ्या कंपन्या जीएसटी नंबरशिवाय व्हेंडर कोड द्यायला नाखूश असतात, आणि राज्याबाहेर करपात्र माल विकायचा म्हटलं तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते.

खर्चाचा हिशेब

आपला बॉक्स ५ टक्क्यांचा आहे, नोंदणी आहे असं धरू. एका बॉक्सचा खर्च, जीएसटी सोडून:

बदाम, काजू, बेदाणे मिळून ३५१ रुपये. चिवडा ९५. दोन पणत्या रंगासकट ४०. कापडी पिशवी ४५. कडक पुठ्ठ्याचा बॉक्स आणि त्यावरची छापील पट्टी ११०. तीन बरण्या ४२. कार्ड, रिबन, लेबलं, आतला कागदी भुसा २८. इथपर्यंत झाले ७११.

बहुतेक नवखे लोक इथेच थांबतात आणि २४१ रुपये नफा मोजतात. पण भरणीची मजुरी १५, टेम्पोचे १७ आणि फूटतूट, जास्तीच्या वस्तूंसाठी ३ टक्के म्हणजे २१ धरा. एकूण ७६४. उरले १८८. १५० बॉक्सवर २८ हजार २०० रुपये. यातूनच सॅम्पलचा खर्च, वाशीच्या फेऱ्या आणि तुमचे दोन महिने निघायचे आहेत.

परफ्युमवाल्या बॉक्समध्ये हाच आकडा १२ हजार ४५० असता.

३ टक्क्यांची तरतूद कंजूषपणाने कापू नका. १५० च्या ऑर्डरला १५५ बॉक्सचा माल घ्यायचाच. पणत्या फुटतात, बरणीचं झाकण सैल निघतं आणि शेवटच्या दिवशी 'अजून दोन हवेत, साहेबांचे पाहुणे आलेत' हा फोन येतोच.

कला कुठे वापरायची?

हा मुद्दा कलाकार मंडळींना आवडत नाही. प्रत्येक बॉक्स वेगळा करायची हौस वीस बॉक्सपर्यंत ठीक असते. दीडशेला प्रत्येक रिबनची गाठ वेगळी बांधायला गेलात तर रात्री जागूनही संपणार नाही.

म्हणून बॉक्सचा आकार आणि आतली मांडणी एकदाच पक्की करा आणि सगळ्या ऑर्डरना तीच वापरा. बदलायची ती बाहेरची पट्टी, कार्ड आणि पणतीचा रंग. कोरे बॉक्स एकाच मापाचे घाऊक घेतले तर स्वस्त पडतात, उरले तर संक्रांतीच्या तिळगुळाला वापरता येतात. कंपनीचं नाव छापलेले बॉक्स उरले तर रद्दी. पट्टी डिजिटल प्रिंटिंगवर कमी संख्येतही निघते, त्यामुळे प्रत्येक कंपनीला 'आपला' बॉक्स मिळाल्यासारखं वाटतं.

कार्डावर नाव छापणार असाल तर यादी एक्सेलमध्येच मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून नावं टाइप करू नका. छपाईआधी ती यादी मॅडमना परत पाठवून 'बरोबर आहे' असं ईमेलवर घ्या. शेख, सय्यद, म्हात्रे, चौधरी प्रत्येक जण इंग्रजीत वेगळं स्पेलिंग करतो, आणि स्वतःचं नाव चुकलेलं कार्ड माणूस वर्षभर लक्षात ठेवतो.

भरणीचा दिवस

भरणीत दोन वेगळी कामं असतात आणि ती एकत्र केली की गोंधळ होतो. पहिलं बरण्या भरणं. १५० बॉक्स म्हणजे ४५० बरण्या. वजन करून भरणं, झाकण, लेबल याला एका बरणीमागे दोन मिनिटं धरली तरी पंधरा तास. दुसरं बॉक्स जुळवणं. एका बॉक्सला सहा मिनिटं, म्हणजे पुन्हा पंधरा तास. एकूण तीस तासांचं काम. चार जणी असतील तर दिवसभराचं, एकटीने केलं तर चार दिवसांचं. ७५ रुपये तासाने २,२५० रुपये होतात. मघाचे बॉक्समागचे १५ रुपये ते हेच.

जुळवताना टेबलावर ओळ लावा. पहिली व्यक्ती भुसा आणि बरण्या ठेवते, दुसरी चिवडा आणि पणत्या, तिसरी कार्ड ठेवून नाव मोठ्याने वाचते, चौथी पट्टी चढवून यादीवर खूण करते. काही राहिलं का, हे बॉक्स उघडून बघत बसायचं नाही. वस्तू मोजून घ्यायच्या. शेवटी टेबलावर एक बरणी शिल्लक राहिली तर एका बॉक्समध्ये ती नाही. दुसरा उपाय वजनकाटा: भरलेल्या बॉक्सचं वजन सारखं यायला हवं. शंभर-दीडशे ग्रॅम कमी भरला तर तो उघडा.

बॉक्स ३० बाय २५ बाय १० सेंटिमीटरचा असेल तर सहा बॉक्स एका मोठ्या खोक्यात बसतात. २५ खोकी झाली. ती ठेवायला घरातली एक खोली जाते, याची घरच्यांना आधी कल्पना द्या. खोक्यांवर बाहेरून विभागाचं नाव आणि त्यात कुणाकुणाचे बॉक्स आहेत ते लिहा. ऑफिसात वाटणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो आणि पुढच्या वर्षी तो तुमचंच नाव सुचवतो.

पोहोचवणं

पूर्ण ऑर्डर एका छोटा हत्तीत मावते. माल सकाळी लवकर काढा. माजिवडा ते माणकोली हा पट्टा दिवाळीच्या आधी कधी जाम होईल सांगता येत नाही. डोंबिवलीकडून येणार असाल तर मोठागाव-माणकोली पूल वापरता येतो. बिल दीड लाखाचं आहे, म्हणजे राज्यांतर्गत एक लाखाची मर्यादा ओलांडली, त्यामुळे नोंदणी असलेल्याने ई-वे बिल काढूनच गाडी सोडायची.

'क्लायंटच्या घरी तुम्हीच कुरिअर करा' असं कंपनीने म्हटलं तर वेगळा दर सांगा. कुरिअरवाले वजनापेक्षा आकार मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५,००० ने भागतात. आपला बॉक्स काट्यावर सव्वा किलोचा असला तरी या हिशेबाने दीड किलोचा होतो, आणि कुरिअरसाठी बाहेरचं खोकं घातलं की दोनच्या पुढे. शिवाय पणत्या. त्या बबल रॅपमध्ये गुंडाळून पॅक केल्यावर खोकं कमरेच्या उंचीवरून दोनदा पाडून बघा. आत खुळखुळलं तर अजून भुसा लागेल.

पैसे

ऑर्डर तोंडी पक्की झाली म्हणून सुका मेवा उचलू नका. आधी पीओ घ्या किंवा निदान ईमेल, ज्यात संख्या, दर, जीएसटी धरून की वगळून, तारीख आणि पैसे कधी ते लिहिलेलं असेल. निम्मे पैसे आगाऊ. आपल्या ऑर्डरला नुसता माल १ लाख ६ हजारांच्या वर जातो, ७५ हजार आगाऊ मिळाले तर तुमचे तीस-बत्तीस हजारच अडकतात. ओळखीच्या ऑफिसात आगाऊ मागायला जीभ रेटत नाही हे खरं आहे. पण कोटेशनच्या खाली ही अट पहिल्यापासून छापलेली असली की तोंडाने मागावं लागत नाही.

माल उतरवताना चलनावर संख्या, सही आणि शिक्का घ्या, बिल त्याच दिवशी द्या. दिवाळीनंतर सही करणारा सुट्टीवर जातो आणि तुमचं बिल 'प्रोसेस'मध्ये.

पैसे लांबले तर एमएसएमई कायद्याचा आधार मिळतो, असं तुम्ही रीलमध्ये ऐकलं असेल. २००६ च्या या कायद्यानुसार करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे द्यायचे असतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज. रीलमध्ये जे सांगत नाहीत ते असं: हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. जुलै २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच ठेवला गेला. तयार वस्तू आणून बॉक्समध्ये ठेवून विकणाऱ्याला समोरची कंपनी 'तुम्ही ट्रेडर आहात' म्हणू शकते. चिवडा किंवा मेणबत्ती तुम्ही स्वतः बनवत असाल तर उद्यममध्ये ते उत्पादन म्हणून नोंदवा, बाजू थोडी भक्कम होते. बाकी भरवसा आगाऊ रकमेवरच.

आणखी एक प्रसंग येतो, तो लिहायला कुणी तयार नसतं. खरेदीतला एखादा जण हळूच म्हणतो, 'बॉक्समागे तीस रुपये माझे बघा.' आपल्या १८८ मधून तीस गेले तर साडेचार हजार. आकडा छोटा वाटतो. पण उद्या तो माणूस बदलला की नव्या माणसाला दर चढा का आहे, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, आणि ज्या ओळखीवर धंदा उभा केला तीच संशयात येते. 'माझा दर एवढाच आहे, हवं तर शंभरच्या वर बिलातच सूट देते' असं म्हटलं की विषय बहुतेक तिथेच संपतो. कधी ऑर्डरही संपते.

दिवाळीनंतर?

दोन महिन्यांत वर्षाचं गणित बसत नाही, म्हणून लोक न्यू इयर, संक्रांत, महिला दिन यांच्याकडे बघतात. न्यू इयरला डायरी-पेन देणाऱ्या मोठ्या पुरवठादारांशी स्पर्धा असते. भिवंडीत मात्र एक संधी आहे जिच्याकडे मुंबईचे पुरवठादार फारसे वळत नाहीत: ईद. इथल्या ट्रान्सपोर्ट आणि यंत्रमाग व्यवसायात मुस्लिम मालक आणि कामगार मोठ्या संख्येने आहेत. २०२७ मध्ये रमजान ईद चंद्रदर्शनानुसार १० मार्चच्या आसपास येते, महिला दिन ८ तारखेला. एकाच आठवड्यात दोन ऑर्डर, आणि खजूर, काजू, बदाम, शेवया भरायला बरण्या आणि बॉक्स तुमच्याकडे दिवाळीचेच उरलेले. त्याचं सॅम्पल जानेवारीच्या शेवटी तयार हवं. पाच दिवस घरात ठेवून, उघडून, खाऊन बघायचं आहे ना.